शाईचे पेन कोरडे चालते किंवा डाग पाडते तेव्हा: जीभ धुणे आणि निब जुळवणे

शाईचे पेन कोरडे चालू लागले की बहुतेक जण निब दाबून लिहितात, आणि ते डाग पाडू लागले की शाई कमी भरतात. हे दोन्ही उपाय उलटे पडतात. दाबून लिहिल्याने निबची दोन पाती कायमची फाकतात किंवा वरखाली होतात, आणि शाई कमी भरली की नळीत हवा वाढून डाग अधिकच पडतात. म्हणून आधी पेनमध्ये शाई आणि हवा यांची ये-जा कशी चालते ते समजून घ्यावे आणि मगच हात लावावा.

निबच्या खाली काळी, खाचा असलेली जी पट्टी असते तिला जीभ म्हणतात. तिच्या वरच्या अंगाला एक अगदी अरुंद नाळ कोरलेली असते. त्या नाळेतून शाई निबच्या चिरेपर्यंत येते आणि जेवढी शाई कागदावर उतरते तेवढी हवा त्याच वाटेने उलट वर नळीत जाते. लुइस वॉटरमन यांनी 1884 मध्ये ज्या जिभेचे पेटंट घेतले तिचे मर्म हेच होते. शाई खाली येण्याची वाट अडली की पेन कोरडे पडते. पण हवा वर जाण्याची वाट अडली तरीही ते कोरडेच पडते, कारण नळीतल्या शाईच्या मागे पोकळी तयार होते आणि ती शाईला धरून ठेवते. याउलट हवा नको तेथून आत शिरली किंवा आतली हवा तापून फुगली की शाई बाहेर ढकलली जाते. एकच पेन सकाळी कोरडे आणि दुपारी गळके वागू शकते ते यामुळेच.

या लेखात मराठवाड्यातल्या घरांत अजूनही सर्रास आढळणारा प्रकार घेतला आहे: ड्रॉपरने थेट नळीत शाई भरायचे, पोलादी निबचे आणि निब व जीभ नुसती दाबून बसवलेले पेन. उदाहरण म्हणून परभणीच्या एका निवृत्त शिक्षकांचे पेन डोळ्यांसमोर ठेवतो. पेन हातात देताना सरांनी तक्रार एका वाक्यात सांगितली होती: “अर्धं पान झालं की उपाशी पडतंय, अन् दुपारी खिशातच ओकतंय.” निदानासाठी इतकी नेमकी तक्रार क्वचितच मिळते.

आधी तपासणी, मग धुणे

पेन उघडण्यापूर्वी ताजी शाई भरून, चांगल्या गुळगुळीत कागदावर, अजिबात जोर न देता, सावकाश मोठे मोठे इंग्रजी आठ काढावेत. कागद चांगला हवा, कारण स्वस्त रजिस्टरच्या सच्छिद्र कागदावर शाई पसरते आणि पुष्कळांना तोच पेनचा दोष वाटतो. अक्षराच्या कडेला केसासारखे फाटे फुटत असतील तर दोष कागदाचा किंवा शाईचा आहे. निबखाली थेंबच पडत असेल तर तो पेनचा. तसेच हाताच्या तेलकटपणामुळे कागदाच्या खालच्या भागात, जिथे तळवा टेकतो तिथेच, अक्षरे तुटतात. त्यासाठी पेन खोलण्याची गरज नसते.

आता ते कधी कोरडे पडते याकडे लक्ष द्यावे. पहिल्या ओळीपासूनच रेघ फिकी असेल आणि किंचित दाबल्यावर गडद होत असेल, तर निबची चीर फार घट्ट आहे. रेघ सुरुवातीला ठीक येऊन अर्ध्या-पाऊण पानानंतर हळूहळू मरत असेल, तर जीभ तुंबली आहे. अशा वेळी सोपी परीक्षा अशी: पेन मोरीवर, निब खाली करून धरावे आणि नळीचा आटा अर्धा फेरा सैल करावा. सैल करताच निबला शाई भरभरून आली, तर हवेची वाट बंद आहे हे निश्चित समजावे, कारण आपण आट्यातून हवा आत जाऊ दिली आणि शाई सुटली. सरांच्या पेनात नेमके हेच झाले. हवा दिल्यावरही शाई येत नसेल तर शाईचीच वाट वाळलेल्या गाळाने बंद आहे. दोन्हींवर उपाय एकच, तो म्हणजे धुणे. परंतु दुसऱ्या परिस्थितीत भिजवण्याला कितीतरी अधिक वेळ द्यावा लागतो.

कोणते पाणी घ्यावे

आपल्याकडे हा प्रश्न क्षुल्लक नाही. मराठवाड्यात अनेक घरांत बोअरचे पाणी येते आणि ते जड असते. ज्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोटीवर पांढरा थर धरतो, तेच पाणी जिभेच्या नाळेत वाळले तर तेथेही क्षार ठेवून जाते. पहिला, घाणेरडी शाई काढण्याचा धुवा साध्या पाण्याने चालेल, पण शेवटचा धुवा डिस्टिल्ड पाण्याचाच असावा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायचे डिस्टिल्ड पाणी बॅटरीच्या दुकानात मिळते आणि एक बाटली वर्षभर पुरते. मात्र त्याच दुकानात बॅटरीचे ॲसिडही तशाच डब्यांतून विकले जाते. लेबल वाचल्याशिवाय डबा उघडू नये. डिस्टिल्ड पाणी न मिळाल्यास फिल्टरचे किंवा जारचे पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा बरे.

पाणी थंड किंवा खोलीच्या तापमानाचे असावे. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी चांगलेच कढत असते, ते घेऊ नये. जुन्या एबोनाइटच्या, म्हणजे कडक केलेल्या रबराच्या, नळीचा काळा रंग गरम पाण्याने मळकट तपकिरी होतो आणि तो परत येत नाही. स्पिरिट, थिनर, सॅनिटायझर यांना पेनजवळ आणू नये, कारण प्लॅस्टिकच्या काही प्रकारांना त्याने बारीक तडे जातात.

जीभ धुणे

नळी सोडवून उरलेली शाई टाकून द्यावी. जुनी, उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत आटून दाट झालेली शाई वाचवण्याचा मोह होतो, परंतु ती परत भरणे म्हणजे तोच गाळ पुन्हा जिभेत घालणे आहे. निब बसवलेल्या पुढच्या भागाला, म्हणजे पेनच्या मानेला, मागून रबरी फुगा लावावा. कान धुण्यासाठी औषधाच्या दुकानात मिळतो तो चालतो, नाहीतर सुई काढलेली 5 मिलिलिटरची सिरिंज आणि तिच्या तोंडाला सायकलच्या व्हॉल्व्हची थोडी नळी लावावी. पाणी मागून पुढे ढकलावे, मग निब पाण्यात बुडवून पुढून मागे ओढावे. दोन्ही दिशांनी ओढणे आवश्यक आहे, कारण खाचांत अडकलेला गाळ एकाच दिशेच्या धारेने आणखी घट्ट बसतो.

पाणी स्वच्छ निघू लागले की काम संपले असे वाटते, पण तसे नसते. एक वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचा एकच थेंब टाकून त्यात मान रात्रभर बुडवून ठेवावी. सकाळी ते पाणी पुन्हा निळे दिसले तर जिभेच्या आत अजून शाई आहे. साबण बदलून दुसरी रात्र द्यावी. सरांच्या पेनातून संध्याकाळी स्वच्छ पाणी येत होते आणि सकाळी वाटीत पुन्हा गर्द निळा ढग साचला होता. नव्या पेनालाही साबणाचा हा एक धुवा द्यावा, कारण घडवताना राहिलेल्या तेलामुळे शाई जिभेला धरत नाही आणि कोरे करकरीत पेनही तुटक लिहिते.

शेवटी साबण पूर्ण जाईपर्यंत डिस्टिल्ड पाणी काढावे आणि निब टिपकागदात किंवा टिश्यू पेपरात गुंडाळून, निब खाली करून पेला किंवा डबीत उभी ठेवावी. कागद जिभेतले पाणी ओढून घेतो. त्यावरचा डाग फक्त ओला, रंगहीन असेल तर जीभ स्वच्छ झाली. हा टप्पा गाळून लगेच शाई भरली तर पहिली काही पाने फिकी येतात आणि धुण्याने काही फरक पडला नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाई कोणी चुकून भरली असेल तर मात्र हा उपाय बहुधा अपुरा पडतो. त्या शाईत लाखेसारखा पदार्थ असतो, तो वाळला की पाण्यात पुन्हा विरघळत नाही.

निब आणि जीभ बाहेर काढणे

दोन रात्रींच्या भिजवणीनंतरही पेन तसेच असेल तरच निब उपसावी. आधी निब मानेत किती खोल गेली आहे आणि जिभेचे टोक निबच्या टोकापासून किती मागे आहे, याचा मोबाइलवर जवळून फोटो काढून ठेवावा. परत बसवताना तोच आधार असतो. मान पाण्यात भिजवून आतला गाळ मऊ असतानाच सायकलच्या ट्यूबचा तुकडा घेऊन निब वरून आणि जीभ खालून एकत्र धरावी आणि अगदी थोडे डावी-उजवीकडे हलवत सरळ ओढावी. निबला पकड लावू नये आणि फक्त निबच धरून पिळू नये. त्याने निबची बाजू वाकते. काही पेनांत निब आणि जीभ एका छोट्या आट्याच्या कॉलरमध्ये बसवलेली असतात, तिथे ओढायचे नसून उलट दिशेने फिरवून काढायचे असते. निबचे फक्त टोकच बाहेर दिसते अशा झाकलेल्या निबच्या पेनांना नवशिक्याने खोलूच नये.

बाहेर काढलेली जीभ मऊ दातांच्या ब्रशने, साबणाच्या पाण्यात, लांबीच्या दिशेने घासावी. नाळेत पिन, सुई किंवा ब्लेड घालण्याची सवय फार जुनी आहे आणि तितकीच घातक. नाळ केसभर रुंद झाली तरी शाई जास्त येऊ लागते, आणि कोरड्या पेनाचे गळके पेन होते. जिभेवर पांढरट थर दिसत असेल तर एक भाग साधा पांढरा व्हिनेगर आणि दहा भाग पाणी यांत फक्त जीभ पंधरा मिनिटे ठेवून, घासून, भरपूर धुवावी. सरांच्या पेनात हा थर खाचांच्या मुळाशी होता, कारण ते पेन वर्षानुवर्षे बोअरच्या पाण्यानेच धुतले जात होते.

परत बसवताना निबची चीर जिभेच्या नाळेवर तंतोतंत आली पाहिजे. दोन्ही एकत्र धरून, फोटोत होती तितकी खोल, एकाच दमात आत दाबावीत. नंतर पेन बाजूने उजेडाकडे धरून निब आणि जीभ यांच्यामध्ये फट दिसते का ते पाहावे. फट असेल तर शाई जिभेपर्यंत येते, पण निबवर चढत नाही.

फट दिसली आणि जीभ एबोनाइटची असेल तर ती गरम करून बसवता येते.  एबोनाइट बोटाने जोरात घासले की जळक्या रबराचा, गंधकाचा हलका वास येतो, तर प्लॅस्टिकची जीभ चकचकीत असते आणि तिच्या कडेला साच्याची बारीक रेघ दिसते. एबोनाइटच्या जिभेसाठी 80 ते 85 अंश सेल्सिअसच्या पाण्यात निब आणि जिभेचा बाहेरचा भाग तेवढाच, मान वर ठेवून, वीस-तीस सेकंद बुडवावा, फडक्यात धरून निब व जीभ एकमेकींवर दाबून ठेवावी आणि दाब न सोडता गार पाण्याखाली धरावी. प्लॅस्टिकच्या जिभेवर हा प्रयोग करू नये.

निबची पाती जुळवणे

धुतल्यानंतर सरांचे पेन पानभर लिहू लागले, पण उजवीकडे जाणाऱ्या रेघेत ते खरखरत होते आणि वर जाणाऱ्या रेघा तुटत होत्या. याचे कारण पाण्यात नसते. घड्याळजी डोळ्याला लावतात तसले दहापट भिंग लागते. त्याशिवाय निबला हात लावूच नये, कारण साध्या डोळ्यांना चांगली आणि वाकडी निब सारखीच दिसते.

भिंगातून निबच्या टोकाकडे समोरून पाहावे. दोन पात्यांच्या टोकांवर कठीण धातूचा एकेक अर्धगोल असतो आणि दोन्ही अर्धगोल एकाच उंचीवर हवेत. सरांच्या निबचे डावे पाते उजव्यापेक्षा खाली होते. पाते खाली असले की उजवीकडे लिहिताना त्याची आतली धार कागदात रुतते. खरखर एकाच दिशेला असेल तर बहुतेक वेळा हाच दोष असतो.

आता कोणते पाते हलवायचे, हे पेन कोरडे आहे की ओले यावरून ठरवावे. पेन कोरडे असेल तर खालचे पाते वर उचलावे, कारण वर उचललेली पाती जरा सैल होतात आणि शाई वाढते. पेन आधीच जास्त ओले असेल तर वरचे पाते खाली दाबावे. सरांचे पेन कोरड्या बाजूचे होते, म्हणून डाव्या पात्याखाली अंगठ्याचे नख लावून ते टोकाच्या जरा मागून वर ढकलले. पोलाद परत उसळते, त्यामुळे पाते हव्या त्या उंचीच्या किंचित वर नेऊन दोन-तीन सेकंद धरावे, सोडावे आणि लगेच भिंगातून पाहावे. एकदम मोठा जोर लावून वाकवण्यापेक्षा छोटा जोर दहा वेळा लावणे केव्हाही सुरक्षित असते.

पाती समपातळीत आल्यावर चीर पाहावी. निब उजेडासमोर धरली असता चिरेच्या मागच्या टोकाशी असलेल्या छिद्राजवळ केसाइतकी फट दिसावी आणि ती टोकाकडे अरुंद होत जाऊन टोके जेमतेम टेकलेली असावीत. उजेड अजिबात दिसत नसेल तर पाती एकमेकांवर दाबली गेली आहेत. तिथे 0.05 मिलिमीटर जाडीचा पितळी पत्रा छिद्राकडून टोकाकडे दोन-तीनदा, जोर न लावता, सरकवावा. त्याने चिरेत अडकलेला कागदाचा तंतूही निघतो. दाढीचे ब्लेड वापरू नये. त्याची जाडी सुमारे 0.1 मिलिमीटर, म्हणजे दुप्पट असते, शिवाय त्याची धार चिरेचा आतला पृष्ठभाग खरवडते. उलट फट टोकाकडे रुंद होत जात असेल, तर शाई टोकाशी पोहोचण्याऐवजी मध्येच थांबते किंवा थेंबाने पडते. तेव्हा एक पाते दुसऱ्याखाली अलगद दाबून सोडावे, मग दुसरे पहिल्याखाली, असे आळीपाळीने करावे, म्हणजे पाती जवळ येतात; त्यानंतर उंची पुन्हा तपासावी लागते.

प्रत्येक बदलानंतर दोन ओळी लिहून पाहाव्यात. दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या तर पेन सुधारले तरी कशाने सुधारले ते कळत नाही, आणि बिघडले तर मागे फिरण्याचा रस्ता उरत नाही. निब गुळगुळीत करण्यासाठी पॉलिश पेपरवर घासण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पाती जुळलेली नसताना तो पाळला तर टोकावरचा कठीण धातू वाया जातो, आणि तो परत लावता येत नाही.

डाग पडतात तेव्हा

सरांच्या तक्रारीचा दुसरा अर्धा भाग अजून बाकी होता. नळीत 3 मिलिलिटर शाई मावते असे धरू. त्यात 1 मिलिलिटर शाई उरली असेल तर 2 मिलिलिटर हवा आहे. सकाळी 27 अंशांना असलेले हे पेन दुपारी उन्हात खिशात 42 अंशांवर गेले, तर ती हवा सुमारे एक विसांश, म्हणजे 0.1 मिलिलिटर, फुगते आणि तेवढी शाई बाहेर ढकलते. हे साधारण दोन थेंब झाले. जिभेच्या खाचांत थोडी शाई सामावते, पण हाताने कोरलेल्या, खाचा कमी असलेल्या जिभेत ती जागा अपुरी पडते. तेच पेन जवळजवळ पूर्ण भरलेले असेल तर हवा नळीच्या एक दशांशाहून फार जास्त नसते आणि खाचा ती वाढ सहज पचवतात. म्हणून ड्रॉपरच्या पेनात शाई तिसऱ्या हिश्श्यावर आली की पुन्हा भरावी, पेन खिशात निब वर करून ठेवावे, आणि उन्हातून आल्यावर टोपण काढण्यापूर्वी ते तसेच उभे थोडा वेळ सावलीत राहू द्यावे.

थेंब निबवरून न येता मान आणि नळी जुळतात तिथून येत असेल तर आट्यातून हवा शिरते आहे. आटा स्वच्छ पुसून, कोरडा करून, त्यावर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर बोटाने फिरवावा. आट्याच्या खाचा भरल्यासारख्या दिसाव्यात, ग्रीस बाहेर येऊ नये आणि जिभेकडे तर मुळीच जाऊ नये. व्हॅसलिन रबरी रिंग असलेल्या पेनात लावू नये, त्याने रबर सुजते. ग्रीस लावूनही गळती थांबली नाही तर नळीत पाणी भरून, टिश्यू गुंडाळून, निब खाली करून रात्रभर ठेवावे. कागद कुठे ओला होतो ते पाहिले की तडा सापडतो. मानेच्या तोंडाशी किंवा आट्याच्या शेवटच्या फेऱ्यावर तो बहुधा असतो.

मानेला तडा, निबच्या छिद्रापासून निघालेली भेग, किंवा टोकावरचा कठीण मणी एका पात्यावरून उडालेला दिसला तर जुळवणीने काही साधत नाही. तिथे त्याच मापाची पोलादी निब किंवा मान बदलून घ्यावी. निब बदलताना जुनी निब सोबत न्यावी, कारण माप लांबीवरून नव्हे तर जिभेशी बसणाऱ्या गोलाईवरून जुळवायचे असते.